परभणी प्रांतींचा वर्षप्रतिपदेचा गुढीप्रयोग : क्रम, साहित्य व अर्थ

जुन्या घरांतील पोथ्यांचे रुमाल सोडले म्हणजे त्यांत मोठ्या ग्रंथांबरोबर एकदोन पानांचे कांहीं सुटे प्रयोग बहुधा सांपडतात. संग्राहक त्यांकडे फारसें लक्ष देत नाहीं. कारण त्यांवर कर्त्याचें नांव नसतें, पुष्कळदां शकही नसतो, आणि मजकूर सर्वत्र सारखाच दिसतो. वर्षप्रतिपदेच्या सकाळीं घरोघरीं जी गुढी उभारितात तिचा प्रयोग याच जातीचा आहे. त्यांत काय लिहिलेलें असतें, काय लिहिलेलें नसतें, आणि जें लिहिलेलें नसतें तें परभणी प्रांतांतील घरांत कसें केलें जातें, हें क्रमवार सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. लेख वाचून कोणास गुढी यथास्थित उभारतां यावी, आणि असें पान हातीं आल्यास तें कोठलें व कोणत्या वर्षाचें हें ठरवितां यावें, अशी दुहेरी अपेक्षा आहे. या दोन गोष्टी एकमेकींहून वेगळ्या वाटतात. परंतु विधि ज्यास ठाऊक नाहीं त्यास पान वाचतां येत नाहीं, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. धर्मशास्त्रानें सांगितलेलें व न सांगितलेलें

चैत्र शुद्ध प्रतिपदेस सूर्योदयीं ब्रह्मदेवानें जग निर्माण केलें, हें ब्रह्मपुराणाचें वचन यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या चतुर्वर्गचिंतामणींत घेतलें आहे. परभणीचा मुलूख त्या काळीं यादवांच्याच राज्यांत होता. पुढें काशीनाथोपाध्यायांनीं पंढरपुरीं शके १७१२ (इ. स. १७९०-९१) च्या सुमारास धर्मसिंधु रचिला. त्यांत या दिवसाचीं कृत्यें मोजकींच सांगितलीं आहेत. पहांटे तैलाभ्यंग, संकल्पांत नव्या संवत्सराचें नांव घेण्यास आरंभ, प्रत्येक घरीं ध्वज उभारणें, निंबपत्रांचें भक्षण, आणि पंचांगांतील वर्षफलाचें श्रवण, हीं त्यांतील प्रमुख होत.

येथें ग्रंथकारानें ध्वज उभारावा एवढेंच म्हटलें आहे. काठी कशाची असावी, वस्त्र कोणतें, तिच्या टोंकावर तांब्या पालथा कां घालावा, साखरेची गाठी कोठून आली, याविषयीं तेथें कांहीं नाहीं. या साऱ्या गोष्टी घरच्या वडील बायकांच्या व कर्त्या पुरुषांच्या हातांत राहिल्या. त्यामुळें हस्तलिखित प्रयोगांत त्यांचा उल्लेख नसला म्हणजे त्या नंतरच्या काळीं शिरल्या असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. जें रोजच्या हातचें असतें तें लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटत नाहीं. विसरण्यासारखें असतें तेंच कागदावर चढतें. गुढीच्या प्रयोगांत विसरण्यासारखीं दोनच स्थळें आहेत. एक दिवसाचा निर्णय आणि दुसरें संकल्प.

२. दिवसाचा निर्णय

प्रतिपदा सूर्योदयास असेल तो दिवस घ्यावा, हा सामान्य नियम आहे. दोन्ही दिवशीं सूर्योदयास प्रतिपदा असेल किंवा दोन्ही दिवशीं नसेल, तर पहिला दिवस घ्यावा, असा त्याचा पुढील भाग आहे. या दुसऱ्या भागाचें प्रयोजन क्वचित् पडतें, म्हणून तो लोकांच्या ध्यानांत राहात नाहीं. शके १९४८ चा पाडवा त्याचें चांगलें उदाहरण आहे.

त्या वर्षीं १९ मार्च २०२६ रोजीं अमावास्या सकाळीं ६ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास संपून प्रतिपदा लागते, आणि २० मार्च रोजीं पहांटे पांचच्या कांहीं मिनिटें आधीं ती संपते. परभणीस त्या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. म्हणजे पहिल्या दिवशीं सूर्य उगवतांना अमावास्या आहे, आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य उगवतांना द्वितीया लागलेली आहे. प्रतिपदा कोणत्याच सूर्योदयास स्पर्श करीत नाहीं. ती क्षयतिथि झाली. ज्यास केवळ नियमाचा पहिला अर्धा भाग ठाऊक आहे तो येथें अडतो. दुसऱ्या अर्ध्यानें १९ मार्च, गुरुवार, हाच पाडवा ठरतो.

दिवस ठरला तरी वेळेचा विचार उरतोच. अमावास्येस तेल लावून स्नान करूं नये असा शिष्टाचार आहे, आणि संकल्पांत प्रतिपदेचा उच्चार करावयाचा आहे. म्हणून अशा वर्षीं नेहमींप्रमाणें पहांटे अभ्यंग न करितां तिथि लागल्यावर, म्हणजे सातच्या सुमारास, स्नान करून मग गुढीस हात घालावा हें आम्हांस अधिक युक्त वाटतें. इतर वर्षीं पहांटे स्नान आणि सूर्योदयानंतर लवकर गुढी, हाच रिवाज आहे.

दुसरी अडचण अधिक मासाची. चैत्रच अधिक आला तर काय करावें? धर्मसिंधूचा निर्णय असा कीं, अभ्यंग व संकल्पांतील नव्या संवत्सराचें नांव हीं अधिक चैत्राच्या प्रतिपदेपासूनच सुरू होतात. परंतु ध्वजारोपण, निंबभक्षण व वर्षफलश्रवण हीं शुद्ध चैत्राच्या प्रतिपदेस करावयाचीं. शके १९५१ (इ. स. २०२९) मध्यें पंचांगांच्या गणितानें चैत्र अधिक येतो. त्या वर्षीं नव्या वर्षाचें नांव मार्चच्या मध्यास उच्चारावयाचें आणि गुढी एप्रिलच्या मध्यास उभारावयाची. हें ज्यास ठाऊक नाहीं तो अशा वर्षाच्या एखाद्या जुन्या पत्रांत नवें संवत्सर आहे पण गुढी महिन्यानें पुढें आहे हें पाहून लेखकाची चूक झाली असें समजेल. चूक लेखकाची नसून वाचणाराची असते.

३. संकल्प : नदीचा तीर आणि वर्षाचें नांव

स्नान झाल्यावर, दारांत सडारांगोळी व आंब्याच्या पानांचें तोरण झाल्यावर, यजमान देवांपुढें पाटावर बसतो. आचमन करून उजव्या हातांत पाणी व अक्षता घेतो आणि आपण कोठें, केव्हां, कशासाठीं हें कर्म करितों तें सांगतो. हाच संकल्प. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आरंभ करून तो कल्प, मन्वंतर, युग, द्वीप, खंड असा उतरत उतरत यजमानाच्या अंगणापर्यंत येतो. यांतील बराच भाग सर्व ठिकाणीं एकच असतो. देश दंडकारण्य, शक शालिवाहनाचा, येथवर परभणी व पुणें यांत भेद नाहीं. भेद सुरू होतो तो नदीच्या नांवापासून.

परभणी जिल्ह्यांतून गोदावरी वाहाते. परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर हीं गांवें तिच्या उत्तरेस आहेत. गंगाखेड व सोनपेठ दक्षिणेस आहेत. म्हणून एकाच जिल्ह्यांत, एकाच सकाळीं, पाथरीचा यजमान ‘गोदावर्या उत्तरे तीरे’ म्हणतो आणि संत जनाबाईच्या गंगाखेडचा यजमान ‘दक्षिणे तीरे’ म्हणतो. शब्द एकच बदलला, परंतु संग्राहकाच्या दृष्टीनें तो एक शब्द गांवाच्या नांवाइतका मोलाचा आहे. ज्या पानावर दुसरी कोणतीच खूण नाहीं त्यावरही तो असतो. कधीं ‘उत्तरे’ हा शब्द खोडून वर बारीक अक्षरांत ‘दक्षिणे’ लिहिलेलें आढळल्यास तो केवळ लेखनदोष मानूं नये. लेक सासरीं दिली, दत्तक गेला, किंवा घर नदीपलीकडे वसलें, आणि पान बरोबर गेलें, अशी शक्यता तेथें प्रथम पाहावी.

जिल्ह्याच्या सीमेविषयींही सावध असावें. ‘परभणी जिल्हा’ या नांवानें जुन्या टिपणांत जो मुलूख येतो त्याचा परतूरकडील भाग १९८१ सालीं नव्या जालना जिल्ह्यांत गेला, आणि हिंगोली १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. संत नामदेवांचें नरसी आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. तेव्हां ज्या पत्रावर पूर्वीच्या संग्राहकानें परभणी अशी नोंद केली असेल तें आजच्या परभणीचें असेलच असें नाहीं. नदीचा तीर मात्र शासनाच्या आज्ञेनें बदलत नाहीं.

दुसरें स्थळ वर्षाच्या नांवाचें. प्रभवादि साठ संवत्सरें आहेत. नर्मदेच्या दक्षिणेस तीं न गाळतां ओळीनें मोजतात. त्यामुळें शकावरून नांव काढण्याची रीत सोपी आहे. शकाच्या अंकांत १२ मिळवावे, ६० नीं भागावें, आणि बाकी राहील तितकें नांव प्रभवापासून मोजावें. बाकी कांहीं न उरल्यास शेवटचें क्षय समजावें. शके १९४८ घेऊं. त्यांत १२ मिळविले म्हणजे १९६० झाले. ६० नीं भागून ४० उरतात. चाळिसावें नांव पराभव. म्हणजे विजयाची म्हणून जी काठी उभारावयाची तिच्या संकल्पांत त्या वर्षीं पराभव हें नांव उच्चारावें लागतें. तें अशुभ वाटून गाळण्याचा किंवा बदलण्याचा मोह कोणास होईल, परंतु तसें करूं नये. नांव हें वर्षाचें आहे, यजमानाचें भविष्य नव्हे. आणि तें बदललें तर संकल्पांतील काळाचा निर्देशच खोटा होतो.

हीच रीत उलट वापरली म्हणजे पानाचा काळ निघतो. पानावर शक नसून केवळ पराभव नांव आहे असें समजा. दक्षिणेच्या गणनेनें तें शके १७६८, १८२८, १८८८ व १९४८ या वर्षीं येतें; म्हणजे इ. स. १८४६, १९०६, १९६६ व २०२६. साठ साठ वर्षांच्या अंतरानें चार वर्षें उमेदवार ठरलीं. कागद हातबनावटीचा कीं गिरणीचा, शाई कोणती, लिपि मोडी कीं बाळबोध, यांवरून त्यांतील एखादेंच उरतें. पानावर वारही असेल तर निर्णय पुष्कळदां तेथेंच पुरा होतो.

यांत एक फसगत संभवते. नर्मदेच्या उत्तरेस हींच साठ नांवें बृहस्पतीच्या मध्यम गतीनें मोजतात. त्या गणनेंत सुमारें पंचाऐशीं वर्षांनीं एक नांव गळतें, दक्षिणेच्या गणनेंत गळत नाहीं. असें होत होत आज दोहोंत दहाहून अधिक नांवांचें अंतर पडलें आहे. गोदातीरींचीं विद्वान घराणीं काशीस जाऊन राहिलीं हें सर्वविदित आहे. निर्णयसिंधुकार कमलाकरभट्टांचें घराणें मूळ पैठणचेंच. अशा घराण्यांचे प्रयोग काशींत लिहिले गेले आणि आप्तांकडून पुन्हां गोदातीरीं आले, हें संभवनीय आहे. म्हणून शक व संवत्सर दोन्ही दिले असतां त्यांचा वरील रीतीनें मेळ घालून पाहावा. मेळ बसला तर पान दक्षिणेकडील समजण्यास हरकत नाहीं. न बसला तर लगेच खोटें ठरवूं नये. उत्तरेकडील गणनेनें मेळ बसतो कीं काय तें पाहावें, आणि नदीचें नांव गंगा आहे कीं गोदा याची खात्री करावी. गोदेलाही येथील लोक नुसती गंगाच म्हणतात, हें येथें विसरूं नये. गंगाखेड हें नांवच त्याची साक्ष देतें.

४. एका घरांत तीन वर्षें

या प्रांताचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती. सरकारी कागद फसली सनानें चालत. त्या सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारणतः निघतो. घरांतील देवकार्य मात्र शालिवाहन शकानें चालें. आणि शेताचा व्यवहार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. सालगड्याचें साल पाडव्यास संपतें व पाडव्यासच नवें ठरतें. धान्य किती, रोख किती, कपडेलत्ते काय, हें त्या दिवशीं बोलून घेतात. ही रीत मराठवाड्यांत अद्याप ओळखीची आहे.

यामुळें एकाच घराच्या रुमालांत तीन प्रकारचीं वर्षें असलेले कागद शेजारीं शेजारीं सांपडूं शकतात. फसली सनाची पावती, पाडव्यापासूनच्या सालाचें टिपण, आणि शक व संवत्सर असलेला संकल्प. तिघांचा आरंभ एकाच दिवशीं होत नाहीं. फसली वर्ष आश्विनाच्या सुमारास पालटे. तेव्हां ‘या सालीं’ असा नुसता उल्लेख आला तर तो कोणत्या सालाचा हें कागदाच्या विषयावरून ठरवावें. मजुरीचा विषय असेल तर तें साल गुढीच्या सकाळीं सुरू झालेलें धरणें बरोबर ठरतें.

५. साहित्य व उभारणी

आतां कागदावर न येणारा भाग. काठी वेळूची, सरळ, न चिरलेली, आणि माणसाच्या उंचीहून हात दोन हात अधिक असावी. तिच्या वरच्या टोंकाशीं एखादें पेर असेल असें पाहून ती तोडावी. कारण वस्त्राची गांठ पेराच्या खालीं बांधली तर ती वर सरकत नाहीं व पेराच्या वर बांधली तर खालीं घसरत नाहीं. काठी धुवून तिला तेलहळद लावितात. वस्त्र नवें किंवा धुतलेलें रेशमी असावें. खण, लुगडें, उपरणें यांपैकीं जें घरीं असेल तें चालतें. त्यास निऱ्या घालून त्या एका बाजूनें मोकळ्या सोडाव्या व वरचें टोंक सुतळीनें आवळावें. त्याच गांठींत लिंबाचा डहाळा, आंब्याची डहाळी, फुलांचा हार व साखरेची गाठी अडकवावी. कडुनिंबास या भागांत नुसतें लिंब म्हणतात. प्रयोगांत लिंब शब्द आला तर तें फळ समजूं नये.

सर्वांच्या वर तांब्या पालथा घालावयाचा. तो तांब्याचा, पितळेचा किंवा चांदीचा असतो. बहुतेक अपघात येथेंच होतात. तांब्याचें तोंड रुंद व काठी बारीक असली म्हणजे वाऱ्यानें तो हलून वाजतो, आणि शेवटीं पडून पोचतो. त्यावर उपाय असा कीं, काठीच्या टोंकास आधीं आंब्याचीं पानें व डहाळ्याचे देंठ गुंडाळून तोंडाइतकी जाडी करावी आणि मग तांब्या दाबून बसवावा. काठी उभी करण्यापूर्वीं आडवी धरून हलवून पाहावी. तांब्या न हलला तर उभी केल्यावरही हलत नाहीं. तांब्यावर कुंकवाचें स्वस्तिक काढण्याचा प्रघात आहे. तें पालथें घातल्यावर उलटें दिसूं नये म्हणून काढतांनाच तांब्या पालथा धरून काढावें.

गुढीची जागा दाराशीं, घरांतून बाहेर पाहातां उजव्या हातास. खालीं रांगोळी काढून पाट ठेवितात व त्यावर काठी टेकवून वरच्या बाजूस किंचित् पुढें कलती बांधतात. जुन्या माळवदाच्या घरांत ती माळवदावर, कठड्यास बांधून, उभारण्याचीही चाल आहे. तेथून ती दूरवर दिसते. परंतु माळवदावर वारा अधिक, म्हणून तेथें दोन ठिकाणीं बांधणें अवश्य आहे, एक कमरेच्या उंचीवर व दुसरें पायाशीं. नुसत्या एका बांधानें काठी फिरते व निऱ्या तिच्याभोंवतीं गुंडाळल्या जातात.

उभारल्यावर यजमानानें गंध, अक्षता, फूल वाहावें, धूपदीप दाखवावा, गुळाचा किंवा गाठीचा नैवेद्य दाखवावा आणि ब्रह्मध्वजास उद्देशून नमस्कार करावा. वर्षभर घरांत मंगल असो एवढाच त्या प्रार्थनेचा आशय असतो. हस्तलिखितांत ब्रह्मध्वज हा शब्द येईल, गुढी हा बहुधा येणार नाहीं. कारण एक संस्कृत प्रयोगाचा शब्द आहे व दुसरा मराठी घराचा. गुढी शब्द मात्र नवा नव्हे. ज्ञानेश्वरींत तो आहे, आणि चोखोबांच्या अभंगांत पंढरीच्या वाटेवर गुढी उभारण्याचा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणीं तो आनंदाच्या व विजयाच्या खुणेचा वाचक आहे. तेथें तिथीचा संबंध नाहीं. यावरून गुढी ही मूळ सर्वसाधारण उत्सवाची खूण असून पाडव्याशीं तिचा संबंध हा तिच्या अनेक उपयोगांपैकीं एक होता, एवढें म्हणतां येतें.

६. लिंबाचा पाला

पूजेनंतर लगेच, कांहीं गोड तोंडांत पडण्यापूर्वीं, लिंबाचा पाला खावयाचा. प्रयोगांत जी रीत येते तींत कोंवळीं पानें फुलांसह घेऊन त्यांत मिरीं, हिंग, मीठ, ओवा व साखर घालून चूर्ण करावें असें सांगितलेलें असतें. घरीं साखरेच्या जागीं गूळ येतो व थोडी चिंच पडते. माणशीं आठदहा कोंवळीं पानें, चिमूटभर मीठ व ओवा, दोन मिरीं, हिंगाचा कण आणि सुपारीएवढा गूळ हें प्रमाण पुरे होतें. चैत्रांत लिंबास नवी पालवी तांबूस असते, तीच घ्यावी. हिरवीं जून पानें अति कडू व चिवट होतात, आणि मुलें तोंडांतून टाकून देतात. तेलंगणांत व कर्नाटकांत याच सकाळीं युगादीस लिंबाचीं फुलें गूळ, चिंच, कैरी यांत घालून खातात, परंतु तेथें गुढी नाहीं. कडूगोड खाण्याचा भाग दख्खनभर समान आहे आणि काठीचा भाग मराठी मुलखाचा आहे, असा हा भेद दिसतो.

येथें पोथीच्या वाचकानें एका शब्दावर थांबावें. त्या रीतीच्या श्लोकांत कडुनिंबास पारिभद्र म्हटलेलें आढळतें. अमरकोशानें पारिभद्राच्या पर्यायांत निंबतरु दिला आहे खरा, पण मंदार व पारिजातक हेही तेथेंच दिले आहेत, आणि पारिभद्र म्हणजे पांगारा असा अर्थही वैद्यकाच्या परंपरेंत प्रचलित आहे. केवळ कोशाच्या आधारें भाषांतर करणारा पांगाऱ्याचीं पानें सुचवील. धर्मसिंधूनें निंबपत्र असा स्पष्ट शब्द योजिला असल्यानें व घरोघरचा आचार तोच असल्यानें येथें कडुनिंबच घ्यावयाचा यांत संशय नाहीं. पोथीचा संशयित शब्द घरच्या आचारानें सुटतो तो असा.

झाड ओळखण्यांतही चूक होते. बकाण निंब नांवाचें झाड कडुनिंबासारखें दिसतें, पण तें विषारी आहे व खाण्यांत येऊं नये. ओळख अशी कीं, कडुनिंबाच्या एका दांड्यावर दोन्ही बाजूंस दांतेरी, किंचित् वांकडीं पानें थेट लागतात. बकाणाचा दांडा पुन्हां फुटतो व त्या फांट्यांवर पानें येतात. शिवाय बकाणाचीं फुलें जांभळट असतात, कडुनिंबाचीं पांढरीं.

पाला खाऊन झाल्यावर पंचांगाची पूजा करून वर्षफल वाचतात. या वर्षीं राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य कोणतें पिकेल, हें घरचीं सर्व माणसें बसून ऐकतात. राजा ठरतो तो पाडव्याच्या वारावरून; गुरुवारीं पाडवा आला म्हणजे गुरु राजा. हस्तलिखित वर्षफलाच्या पानावर राजाचें नांव असेल तर तेथें वार आयताच मिळाला असें समजावें, आणि वर सांगितलेल्या काळनिर्णयास तो जोडावा. दुपारीं पुरणाच्या पोळीचा नैवेद्य होतो. सूर्यास्तापूर्वीं गुढीस हळदकुंकू वाहून ती उतरवितात व गाठी मुलांस वांटतात. उन्हानें गाठी पाघळते व तिला मुंग्या लागतात. म्हणून ती वस्त्रास न चिकटेल अशी वरच्यावर टांगलेली बरी, नाहींतर रेशमावर डाग राहातो.

७. अर्थ

या काठीचा अर्थ काय, याचीं उत्तरें अनेक दिलीं जातात. शालिवाहनानें मातीचे सैनिक करून त्यांत प्राण घातला व शत्रूस जिंकिलें, ही कथा गोदातीरीं विशेष प्रिय आहे. पैठण वरच्याच अंगास आहे. परंतु या शकास शालिवाहनाचें नांव पुष्कळ शतकांनीं जोडलें गेलें. बादामीच्या लेण्यांतील शके ५०० (इ. स. ५७८) च्या लेखांत शकराजाच्या अभिषेकापासूनचीं वर्षें असा निर्देश आहे, शालिवाहनाचा नाहीं. तेव्हां कथा गुढीचें स्पष्टीकरण म्हणून सांगावी, गुढीच्या उत्पत्तीचा पुरावा म्हणून मांडूं नये.

अधिक जवळचें साम्य महाभारताच्या आदिपर्वांत आहे. चेदीचा राजा उपरिचर वसु यास इंद्रानें वेळूची काठी दिली. वर्ष संपतांना ती त्यानें भूमींत रोविली, दुसऱ्या दिवशीं गंध, माळा व भूषणें यांनीं सजवून उंच उभारिली, आणि तेव्हांपासून राजे तसें करूं लागले, असें तेथें सांगितलें आहे. वेळू, वर्षाची संधि, सजावट व उभारणी, हीं चारही अंगें गुढींत आहेत. तरी येथेंही मर्यादा पाळली पाहिजे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत जो इंद्रध्वजाचा उत्सव वर्णिला आहे तो भाद्रपदांतला, राजाचा व नगराचा आहे. चैत्रांतला, गृहस्थाच्या दाराचा नाहीं. एक दुसऱ्यापासूनच निघाला असें म्हणण्यास मधले दुवे हवेत, आणि ते शोधण्याचें काम हस्तलिखितें जमविणारांचेंच आहे. ‘प्रत्येक घरीं ध्वज’ हें वाक्य धर्मसिंधूपूर्वीं कोणत्या निबंधांत कोणत्या शब्दांनीं येतें, आणि त्याबरोबर वेळू, वस्त्र किंवा कलश यांपैकीं एखादा तरी शब्द येतो काय, एवढें पाहिलें तरी पाऊल पुढें पडेल.

तोंपर्यंत या प्रांतांतील वडील माणसें जें सांगतात तें पुरेसें आहे. वर्ष आलें हें घरानें बाहेरच्यांस कळवावें म्हणून काठी उंच. घरांत जें उत्तम आहे तें वर्षाच्या स्वागतास काढावें म्हणून रेशीम व तांब्या. आणि वर्ष कडू व गोड दोन्ही असणार म्हणून एकाच गांठींत लिंब व गाठी.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पाडव्याचा प्रयोग म्हणून जें पान हातीं येईल त्याची नोंद करितांना नदीचा तीर, संवत्सराचें नांव, वार किंवा राजा, आणि समासांतील दुसऱ्या हातचीं अक्षरें, या चार गोष्टी मूळांतल्याप्रमाणें उतरून घ्याव्या. खाडाखोड सुधारूं नये. आणि तें पान ज्या घरचें असेल त्या घरीं गुढी कशी उभारितात हें तेथील वडील बाईस विचारून त्याच नोंदीखालीं लिहावें. कारण पानाचा तो अर्धा भाग कागदावर कधींच आलेला नाहीं.